पेरणीचा दिवस शून्य : हरभऱ्याच्या सल्ल्यातून वेळापत्रक मांडताना

बागायती हरभऱ्याच्या लागवडीचा सल्ला कृषी दैनंदिनीत, घडीपत्रिकेत किंवा वर्तमानपत्राच्या शेतीपानावर छापून येतो, तेव्हा तो बहुधा आठ-दहा ओळींच्या एकाच परिच्छेदात बसविलेला असतो. त्यात पेरणीचा काळ, बियाण्यावरील प्रक्रिया, हेक्टरी खत, पाण्याच्या पाळ्या आणि फवारण्या ही सारी कामे एकामागोमाग येतात व सर्वांची भाषा सारखीच आज्ञार्थी असते. त्यामुळे शेतकरी जेव्हा त्या परिच्छेदावरून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखा लिहू लागतो, तेव्हा प्रत्येक वाक्याला एक तारीख देऊन मोकळे व्हावे, असे त्याला सहजच वाटते. प्रत्यक्षात ही वाक्ये तीन वेगवेगळ्या मापांनी मोजलेली असतात. ‘पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांनी पहिले पाणी द्यावे’ हे वाक्य दिवसांवर चालते. ‘पीक निम्मे फुलोऱ्यात असताना निंबोळी अर्काची फवारणी करावी’ हे वाक्य पिकाच्या अवस्थेवर चालते. आणि ‘घाटे अळी आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचल्यास फवारणी करावी’ हे वाक्य एका अटीवर चालते, कारण ती अट पुरी झाली नाही तर ते काम करावयाचेच नसते.

या तिन्हींची सरमिसळ झाली म्हणजे काय होते, हे गोदावरी खोऱ्यातील एका शेतकऱ्याच्या दोन एकर हरभऱ्याच्या उदाहरणावरून नीट समजते. वाण दिग्विजय, म्हणजे बागायतीत साधारण 105 ते 110 दिवसांत तयार होणारा, आणि पेरणीची योजलेली तारीख 25 ऑक्टोबर. त्या तारखेवरून पहिले पाणी 24 नोव्हेंबरला, निंबोळी अर्काची फवारणी 9 डिसेंबरला, आणि दुसरे पाणी व दुसरी फवारणी अशी दोन्ही कामे 24 डिसेंबरला, असे वेळापत्रक पेरणीच्या आधीच तयार झाले होते. मात्र ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस झाला, काळ्या जमिनीला वापसा, म्हणजे औत चालेल इतपतच ओल राहण्याची स्थिती, उशिरा आली आणि पेरणी 4 नोव्हेंबरला झाली. बागायती हरभऱ्याचा शिफारशीचा काळ 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर असा असल्यामुळे हा उशीर स्वतः घातक नव्हता. घातक ठरले ते एवढेच की भिंतीवरच्या तारखा तशाच राहिल्या.

24 नोव्हेंबरला पीक अवघे 20 दिवसांचे होते आणि जमिनीत पावसाची ओल शिल्लक होती, तरीही त्याला पाणी मिळाले; मुळांना खोल जाण्याचे कारणच उरले नाही आणि शेंडे लुसलुशीत वाढले. 9 डिसेंबरला, म्हणजे 35व्या दिवशी, एकही फूल नसताना निंबोळी अर्क मारला गेला. 24 डिसेंबरला, म्हणजे 50व्या दिवशी, पीक ऐन फुलोऱ्यात होते, आणि रात्रपाळीची वीज आल्यामुळे फवारणी बाजूला ठेवून आधी पाणी दिले गेले. ऐन फुलोऱ्यात भरपूर पाणी मिळालेला हरभरा पुन्हा पालेदार वाढीला लागतो, शेतकऱ्यांच्या शब्दांत ‘माजतो’, आणि फूल गळते. तसेच येथे झाले. शिवाय भारी जमिनीत चार-पाच दिवस पाय ठेवता येईना, आभाळ ढगाळ राहिले आणि ज्या अळ्या लहान असताना विषाणूजन्य औषधाने आटोक्यात आल्या असत्या, त्या फवारणी होईपर्यंत मोठ्या होऊन घाट्यांत तोंड घालून बसल्या. सल्ल्यातील एकही वाक्य चुकीचे नव्हते, आणि एकही काम वगळले गेले नव्हते.

यावरून पहिली गोष्ट निघते ती अशी की वेळापत्रकात तारीख लिहिण्यापूर्वी दिवसांचा अंक लिहावा आणि तारीख पेरणी झाल्याच्या संध्याकाळीच भरावी. पेरणीचा दिवस शून्य धरावयाचा. परंतु वापशावर पेरले असेल तर तो पेरणीचाच दिवस, आणि कोरड्यात पेरून मागाहून पाणी दिले असेल तर ते पाणी दिल्याचा दिवस शून्य मानावा, कारण बियाणे ओल लागल्यापासून जागे होते. एकाच शेताची पेरणी आठवड्याच्या अंतराने दोन तुकड्यांत झाली असेल, तर दोन तुकड्यांचे दोन शून्य असतात आणि त्यांची वेळापत्रकेही दोनच ठेवावी लागतात.

शून्याच्या अलीकडचे दिवसही मोजावे लागतात, आणि नेमके तेच परिच्छेदात दिसत नाहीत. बियाण्याला बुरशीनाशक चोळावयाचे असेल तर ते आदल्या दिवशी, आणि रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकाला देणारे जिवाणू, हे पेरणीच्या दिवशी, सर्वांत शेवटी, सावलीत लावावयाचे असतात. हा क्रम उलटला किंवा दोन्ही एकत्र कालवली, तर बुरशीनाशकाच्या संपर्काने जिवाणूंचा मोठा भाग निकामी होतो आणि कागदावर प्रक्रिया झालेली असूनही मुळांवर गाठी दिसत नाहीत.

खताच्या ओळीत तारखेपेक्षा मापाचा घोळ अधिक होतो. सल्ला हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 30 किलो पालाश असा असतो. शेतकरी एकरात मोजतो आणि दुकानदार गोणीत. एकरी हिशेब करण्यासाठी या आकड्यांना अडीचने भागले की 10, 20 आणि 12 किलो येतात. डीएपीच्या 50 किलोच्या एका गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असते, म्हणजे एकरी एक गोणी डीएपी आणि सोबत 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश एवढ्यात हे माप जवळपास पुरे होते. ही सगळी मात्रा पेरणीच्या वेळीच बियाण्याच्या खाली पेरून द्यावयाची असल्याने वेळापत्रकात खताचा दुसरा हप्ता नसतो. गव्हाला पहिल्या पाण्याबरोबर युरिया देतात म्हणून हरभऱ्यालाही देणे ही या पिकातली जुनी खोड आहे. तिने पीक हिरवेगार दिसते आणि घाटे कमी लागतात. फुलोऱ्यात 2 टक्के युरियाची फवारणी सांगितलेली असते, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, ती खताच्या रकान्यात न लिहिता फवारणीच्या रकान्यात लिहावी.

पाण्याच्या पाळ्या दिवसांनी सांगितलेल्या असल्या तरी त्या दिवसांच्या मागे अवस्थाच उभी असते. 30 ते 35 दिवसांचे पाणी फांद्या फुटून फुलोरा येण्याच्या आधीचे असते आणि 60 ते 65 दिवसांचे पाणी घाटे भरण्याच्या वेळचे असते; मधला फुलोरा शक्यतो पाण्याविना जाऊ द्यावयाचा असतो. 4 नोव्हेंबरच्या पेरणीत पहिले पाणी 4 ते 9 डिसेंबर आणि दुसरे 3 ते 8 जानेवारी असे येते. मात्र कालव्याच्या आवर्तनाची, म्हणजे पाटबंधारे खात्याने पाणी सोडण्याच्या पाळीची, तारीख शेतकऱ्याच्या हातात नसल्याने वेळापत्रकात पाण्यापुढे एक तारीख न लिहिता आरंभ आणि अखेर अशा दोन तारखा लिहाव्यात. आवर्तन ऐन फुलोऱ्यात आले आणि जमिनीत ओल असेल, तर ती पाळी सोडून देण्याचा निर्णय आधीच लिहून ठेवलेला बरा, कारण पाटात पाणी वाहताना दिसले की तो निर्णय घेणे फार कमी जणांना जमते.

फवारणीच्या ओळींपुढे तारीख नव्हे तर पाहणीची तारीख लिहावी. दिग्विजयचा निम्मा फुलोरा साधारण 45 ते 50 दिवसांत, म्हणजे या उदाहरणात 19 ते 24 डिसेंबरच्या सुमारास अपेक्षित आहे, असे धरून 16 डिसेंबरपासून रोज शेतात पाहावयाचे आणि निम्म्या झाडांवर फूल दिसले की 5 टक्के निंबोळी अर्क मारावयाचा. त्यासाठी 100 लिटर फवाऱ्याला 5 किलो निंबोळीची भरड आदल्या संध्याकाळी भिजत घालावी लागते, म्हणून वेळापत्रकात आदल्या दिवसाचीही ओळ हवी. दुसरी फवारणी 10 ते 15 दिवसांनी सांगितलेली असते, पण ती अटीची आहे. सरीच्या एक मीटर लांबीत एक-दोन अळ्या दिसणे, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रत्येकी आठ-दहा नर पतंग पडणे, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते, म्हणजे जिच्या पुढे अळीने होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होऊ लागते अशी संख्या. पातळी गाठलेली असेल तर हेलिकोव्हर्पाचा विषाणू, जो एचएएनपीव्ही या नावाने मिळतो, हेक्टरी 500 मिलिलिटर म्हणजे एकरी 200 मिलिलिटर मारावयाचा. उन्हातील अतिनील किरणांनी तो निकामी होतो म्हणून फवारणी सायंकाळी करावी, आणि अळ्या मरायला काही दिवस लागतात म्हणून त्या लहान असतानाच करावी. मोठ्या अळ्या दिसू लागल्यावर हे औषध ‘चालले नाही’ म्हणणारा शेतकरी बहुधा औषधाला नव्हे, उशिराला दोष देत असतो.

सर्व ओळी अशा लिहून झाल्या की एकमेकींवर पडणाऱ्या ओळी दिसू लागतात, आणि वेळापत्रकाचा खरा उपयोग येथे होतो. या उदाहरणात दुसऱ्या फवारणीचा काळ 29 डिसेंबर ते 8 जानेवारी आणि दुसऱ्या पाण्याचा काळ 3 ते 8 जानेवारी असा येतो. दोन्ही एकत्र आल्यास आधी फवारणी, मग पाणी, हा नियम भारी जमिनीत मोडू नये. 1 जानेवारीला पाहणी, पातळी आढळल्यास 2 तारखेच्या सायंकाळी फवारणी आणि 4 तारखेला पाणी, असे ते सुटते. काढणी 17 ते 22 फेब्रुवारीच्या सुमारास अपेक्षित धरून, कोणतेही रासायनिक कीटकनाशक वापरावयाचे असल्यास त्याच्या लेबलवरील प्रतीक्षा कालावधी तेथून मागे मोजावा.

दिवसांचे अंकही सर्वकाळ खरे राहत नाहीत. पेरणी डिसेंबरकडे सरकली तर थंडीमुळे सुरुवातीची वाढ मंदावते आणि फूल उशिरा येते, तर फेब्रुवारीतील तापमानामुळे घाटे भरण्याचा काळ आखडतो. अशा पिकात अंक आणि अवस्था यांत मतभेद झाला तर अवस्थेचे ऐकावे. याउलट हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचे मंगळवारी आणि शुक्रवारी येणारे पत्रक पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजावर बेतलेले असते, त्यामुळे त्यातील ‘फवारणी पुढे ढकलावी’ ही सूचना हंगामी वेळापत्रकात कायमची उतरवू नये. तिने फक्त त्या आठवड्यातील ओळ हलवावी आणि हललेली नवी तारीख जुनीवर काट मारून शेजारी लिहावी, म्हणजे पुढच्या हंगामात आपल्या शेताचे अंक छापील अंकांपेक्षा किती दिवसांनी वेगळे निघाले ते त्याच कागदावर वाचता येते.