‘बघतो ताई’ असं उत्तर आल्यावर दुसरा मेसेज कसा लिहायचा?

मैत्रिणींनो, समजा तुमच्या गटाने तालुक्याच्या दुकानदाराला मेसेज केला : “आमचा गट उडदाचे पापड बनवतो. आपण दुकानात ठेवाल का?” संध्याकाळी उत्तर आलं : “बघतो ताई. धन्यवाद.” आता पुढे काय?

हा नकार नाही आणि ऑर्डरही नाही. दुकानदाराच्या बाजूने विचार करा. पाकीट किती ग्रॅमचं, भाव काय, माल खपला नाही तर काय, हे आपण लिहिलंच नव्हतं. म्हणून त्यानेही सांभाळून उत्तर दिलं.

अशा वेळी आपण दोन गोष्टी करतो. एक तर गप्प बसतो, नाहीतर “मेसेज वाचला का?” असं विचारतो. या प्रश्नात दुकानदाराला नवीन काहीच कळत नाही, म्हणून उत्तर पुन्हा “हो ताई, बघतो” असंच येतं.

दुसऱ्या मेसेजमध्ये पहिल्यात राहून गेलेली माहिती द्या आणि प्रश्न लहान करा. ‘दुकानात ठेवाल का’ हा मोठा निर्णय आहे. ‘दहा पाकिटं ठेवून बघाल का’ याला लगेच हो-नाही म्हणता येतं. चार-पाच दिवस जाऊ द्या. बाजाराचा दिवस टाळा, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना पाठवा. मेसेज असा लिहा :

“नमस्कार दादा. मागच्या आठवड्यात उडदाच्या पापडाबद्दल लिहिलं होतं. पाकीट 200 ग्रॅमचं, तुम्हाला 60 रुपयांना, छापील किंमत 75. दहा पाकिटं ठेवून बघाल का? पैसे विकलेल्या पाकिटांचेच द्या, उरलेली आम्ही 15 दिवसांनी परत नेऊ. गुरुवारी आम्ही बाजारात येतो, तेव्हा आणू का? सध्या नको असेल तर तसं कळवा, चालेल.”

शेवटचं वाक्य गाळू नका. नाही म्हणायची मोकळीक मिळाली की माणूस खरं उत्तर देतो. सोबत पाकिटाचा एकच फोटो पाठवा. त्यात वजन, तयार केल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा नंबर वाचता आला पाहिजे.

पण हा मेसेज पाठवण्याआधी गटाच्या बैठकीत ठरवून घ्या. दहा पाकिटं म्हणजे 600 रुपयांचा माल उधारीवर जातो. तेवढी जोखीम सगळ्यांना मान्य हवी. माल देताना दोन प्रतींत पावती करा आणि एका प्रतीवर दुकानदाराची सही घ्या.

उत्तरात “किती दिवस टिकतो?”, “भाव कमी होईल का?” असा प्रश्न आला, तर दुकानदाराला रस आहे असं समजा. त्याच दिवशी उत्तर द्या. पुन्हा नुसतं “बघतो” आलं, तर तिसरा मेसेज करू नका. बाजाराला जाल तेव्हा एक पाकीट घेऊन दुकानात जा आणि समोरासमोर विचारा. “सध्या नको” असं स्पष्ट आलं, तर “बरं दादा, धन्यवाद” एवढंच लिहा आणि दुसरं दुकान बघा.