पत्रलेखन : 'मला खेळू देऊ नका'

समजा, सोलापुरातल्या एकाने ऑनलाइन सट्ट्यात ८० हजार घालवले. तो कंपनीला काय लिहील?

प्रति, ग्राहक सेवा विभाग
विषय : मला ५ वर्षे खेळण्यास बंदी करणेबाबत

महोदय,
माझे खाते माझ्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर आहे. ते ५ वर्षे बंद ठेवावे. मुदतीत मी स्वतः मागितले तरी उघडू नये, नवे खातेही देऊ नये. शिल्लक रक्कम बँकेत पाठवावी, बोनसचे मेसेज थांबवावेत आणि लेखी पोच द्यावी.

खरी मेख 'मी स्वतः मागितले तरी' या शब्दांत आहे. नुसतं 'खाते बंद करा' लिहिलं, तर आठ दिवसांनी हाच माणूस ते उघडून घेतो. किती हरलो, घरी काय झालं, हे लिहायची गरज नाही. पोच येऊनही बोनसचे मेसेज येत राहिले, तर बंदी नीट लागलेली नाही, असं समजून पुन्हा लिहावं.

एक पत्र एकाच कंपनीला लागू. ब्रिटनमध्ये 'गॅमस्टॉप'वर एकदा नाव नोंदवलं की तिथल्या सगळ्या परवानाधारक साइट बंद होतात. आपल्याकडे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. चोरून चालणारी परदेशी साइट मात्र असल्या पत्राला दाद देईलच असं नाही. तिथे घरच्यांनी यूपीआयची मर्यादा कमी करून घेणं जास्त कामाला येतं.