मृत्युपत्र नसेल तर वाटणी कोणत्या कायद्याने?

आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म येऊन तीन पिढ्या झाल्या, पण आडनाव, बोली आणि सणासुदीचा स्वयंपाक मराठवाड्याचाच राहिला. त्यामुळे वडील मृत्युपत्र न करता गेले तेव्हा वाटणी कोणत्या कायद्याने होईल हा प्रश्न कुणालाच पडला नाही. शेजारीपाजारी जशा वारस नोंदी होतात तशीच आपलीही होईल, असे सगळ्यांनी धरून चालले. त्या एका समजुतीपायी आमच्या घरात जे घडले ते इतरांच्या घरी घडू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वडिलांच्या नावावर लातूर शहरात घर होते आणि नांदेड जिल्ह्यात, कंधार तालुक्यात, कोरडवाहू शेत. मागे वडिलांची आई म्हणजे आमची आजी, आमची आई, मी आणि धाकटा भाऊ. थोरला भाऊ वडिलांच्या आधीच गेला होता. त्याच्या मागे वहिनी आणि शाळेत जाणारी पुतणी. आजोबा केव्हाच वारले होते.

शेताच्या वारस नोंदीसाठी जे शपथपत्र लिहून घेतले ते छापील नमुन्यावरचे होते. त्यात हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आम्ही सहाही जणांची नावे घातली गेली. तलाठ्याने वारस नोंदवहीत नोंद घेतली, फेरफार धरला, पंधरा दिवसांची नोटीस लागली. हरकत कुणाची नव्हती, म्हणून मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला आणि सातबाऱ्यावर सहा नावे चढली. सगळे गोडीगुलाबीने झाले होते. पुढे आजी वारली आणि काका व आत्या तिचा हिस्सा मागायला आले. त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. सातबाऱ्यावर त्यांच्या आईचे नाव होते, मग तिच्या वाट्यावर लेकरांचा हक्क येणारच. पण ते नाव तिथे यायलाच नको होते.

का, ते समजायला तिन्ही कायद्यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडावा लागतो. सगळ्या मिळकतीची किंमत ४५ लाख धरू आणि ती वडिलांच्या स्वकष्टाची आहे असे समजू.

कुटुंब हिंदू असते तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागला असता. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागतो. त्यात पहिल्या वर्गाच्या वारसांमध्ये मृताची आई, पत्नी, मुलगे आणि मुली एकाच पायरीवर असतात आणि आधी वारलेल्या मुलाच्या शाखेलाही एक वाटा मिळतो. म्हणजे आजी, आई, मी, धाकटा भाऊ आणि थोरल्या भावाची शाखा असे पाच वाटे, प्रत्येकी ९ लाखांचे. शाखेच्या ९ लाखांत वहिनी आणि पुतणी निम्म्या निम्म्या, साडेचार लाखांच्या मालकीण.

ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृताला मुलेबाळे असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे आईला १५ लाख आणि राहिलेल्या ३० लाखांचे तीन वाटे, १० लाख मला, १० लाख धाकट्याला, १० लाख थोरल्याच्या शाखेला. पण या शाखेचा वाटा फक्त रक्ताच्या वारसाला जातो. तो पूर्ण पुतणीचा; वहिनीला त्यात काहीच नाही. आणि मृताला मुले असताना त्याच्या आईवडिलांनाही काहीच नाही. म्हणजे आजीचा हिस्सा शून्य.

पारशी कुटुंबाला कायदा हाच, पण त्यातले प्रकरण वेगळे. तिथे पत्नी आणि प्रत्येक मुलाला सारखा वाटा, आणि मृताचे आईवडील हयात असतील तर त्या प्रत्येकाला मुलाच्या वाट्याच्या निम्मे. आमच्याच घराचा हिशेब त्या नियमाने केला तर आई, मी, धाकटा आणि थोरल्याची शाखा यांना १०-१० लाख आणि आजीला ५ लाख. शिवाय शाखेच्या वाट्यात पुतणीबरोबर वहिनीलाही हक्क मिळाला असता. सासऱ्याच्या मृत्यूआधी तिने दुसरे लग्न केलेले नसले म्हणजे झाले. पारशी मुलींना मुलांइतका वाटा १९९१ च्या दुरुस्तीने मिळाला. त्याआधी वारलेल्या पारशी वडिलांच्या मिळकतीत मुलाला मुलीच्या दुप्पट होते, आणि तो जुना वारसा आज निघाला तरी जुन्याच नियमाने निघतो. वाटणी नेहमी मृत्यूच्या दिवशी असलेल्या कायद्याने आणि मृताच्या त्या दिवशीच्या धर्माने ठरते, हे तिन्ही समाजांनी लक्षात ठेवावे.

एकच घर, तीच माणसे, पण आजीचा हिस्सा एका कायद्याने ९ लाख, दुसऱ्याने ५ लाख, तिसऱ्याने काहीच नाही. आमच्या सातबाऱ्यावर पहिला कायदा चढला होता आणि लागू तिसरा होता.

धाकट्याने आणखी एक मुद्दा काढला. शेत मुळात आजोबांचे, मग आपला त्यात जन्मतःच हक्क नाही का? हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत तसा हक्क असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना तो दिला आणि २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना मिळाला. म्हणून हिंदू घरात वडील गेल्यावर आधी त्यांचा स्वतःचा हिस्सा वेगळा काढून मग त्याचीच वाटणी करावी लागते. ख्रिस्ती आणि पारशी कायद्यात जन्मसिद्ध हक्क ही गोष्टच नाही. शेत आजोबांकडून आलेले असो की विकत घेतलेले, वडील हयात असेपर्यंत ते पूर्ण त्यांचे. दुसरा मुद्दा माझ्या लग्नातल्या सोन्याचा निघाला, की तेवढे माझ्या वाट्यातून वजा करावे. ख्रिस्ती वाटणीत वडिलांनी हयातीत मुलाला किंवा मुलीला जे दिले ते हिशेबात धरायचे नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. बहिणींनी या वादात माघार घेण्याचे कारण नाही.

हा कायदा आपल्याकडे कधीपासून, असेही विचारले जाते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. अशा 'ब' वर्गातल्या राज्यांना १९२५ चा कायदा १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला. केरळच्या मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हीच तारीख धरून तिथल्या ख्रिस्ती मुलींना भावांबरोबरीचा वाटा दिला.

नांदेडच्या ज्या वकिलांकडे आम्ही गेलो त्यांनी पहिला प्रश्न केला, "वडिलांचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी कुठे आहेत?" तिथून गुंता सुटायला लागला. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाचा धर्म त्याच्या आडनावावरून कळत नाही, आणि शाळेच्या दाखल्यावर कधी एक तर कधी दुसरेच लिहिलेले असते. अशा वेळी चर्चच्या नोंदवह्यांचे उतारे हाच भक्कम पुरावा. ते घेऊन आम्ही फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केले. अपिलाची मुदत ६० दिवसांची. ती उलटून गेली होती, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला. नोंद दुरुस्त झाली. तरीही फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निकाल नव्हे. काकांनी दिवाणी दावा लावला असता तर खरा निकाल तिथेच लागला असता. सगळे कागद समोर ठेवल्यावर त्यांनी तो लावला नाही. शहरातल्या घरासाठी आम्ही दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घेतले आणि मगच मिळकत पत्रिकेवर नावे लावली.

दुरुस्तीने आजीचे नाव गेले, तसे वहिनीचेही गेले. हे आम्हा कुणालाच पटणारे नव्हते. तिने आईवडिलांची सेवा केली आणि कायदा तिला दारात उभे करीत नाही. आम्ही हक्कसोडपत्र करून तिला द्यायला निघालो, तेव्हा कळले की हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराच्या नावेच होते. वहिनी हिस्सेदारच नाही, तर तिच्या नावे हक्क सोडणार कसा? मार्ग होता नोंदणीकृत बक्षीसपत्राचा. ते आईने तिच्या १५ लाखांच्या वाट्यातून केले, कारण राहते घर किंवा शेती दिवंगत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. नणंद किंवा दीर म्हणून आम्ही दिले असते तर ती सवलत नव्हती. पुतणीचे १० लाख मात्र तिचे तिलाच. ती अज्ञान आहे तोवर तो हिस्सा विकायचा तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. आई म्हणून वहिनीने नुसती सही करून भागणार नाही.

ज्यांना मूलबाळ नाही अशा ख्रिस्ती जोडप्यांनी तर अधिक जपावे. नवरा गेला तर पत्नीला निम्मेच मिळते. उरलेले निम्मे नवऱ्याचे वडील असतील तर एकट्या त्यांना जाते, त्याच्या आईलाही नाही. हिंदू कायद्यात याच जागी पत्नी आणि आई निम्म्या निम्म्या असतात आणि वडिलांना काही मिळत नाही. हिंदू आणि ख्रिस्ती अशा जोडप्याने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले असेल, तर दोघांच्याही मिळकतीला १९२५ चा कायदा लागतो. तो हिंदू जोडीदार आपली वाटणी हिंदू पद्धतीने होईल असे समजत असेल, तर ते होणार नाही.

यावर उपाय मृत्युपत्राचा. आई किंवा सून यांना काही द्यायचे असेल तर ख्रिस्ती माणसाला ते लिहूनच ठेवावे लागते. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये. ख्रिस्ती आणि पारशी माणसाचे लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न होताच रद्द होते. हिंदूंचे होत नाही. म्हणून लग्नानंतर, अगदी दुसऱ्या लग्नानंतरही, ते नव्याने करावे. आणि ज्या घरात माणूस मृत्युपत्राविना गेलाच आहे, त्यांनी छापील शपथपत्रावर सही करण्याआधी त्यात कोणत्या कायद्याचे नाव आहे ते वाचावे, आणि चर्चच्या नोंदींचे उतारे तलाठ्याकडे पहिल्याच अर्जाला जोडावेत.