जादा भारावर इन्व्हर्टरची बॅटरी लवकर का उतरते?

दिनांक 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला आणि काही भागांत तो अनेक तास बंद राहिला. अशा वेळी बॅटरी किती तास पुरेल, याचा अंदाज तिच्यावरील आकड्यास भारित प्रवाहाने भागून बांधला जातो. हा अंदाज जादा भारावर फसतो.

समजा, वाशीच्या बाजार समितीतील एका गाळ्यात 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आहे. हा आकडा बहुधा 20 तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. म्हणजे साडेसात अँपिअर प्रवाह 20 तास मिळतो. गाळ्यात 150 वॉटचे दिवे व पंखे लावल्यास, इन्व्हर्टरमधील सुमारे 15 टक्के घट धरून, बॅटरीतून सुमारे 15 अँपिअर प्रवाह वाहतो. भागाकाराने 10 तास येतात. प्रत्यक्षात सुमारे 9 तास मिळतात. भार 600 वॉट केल्यास प्रवाह 59 अँपिअर होतो. भागाकार अडीच तास सांगतो. बॅटरी मात्र सुमारे 1 तास 40 मिनिटांतच बंद पडते. भार चौपट झाला, पण वेळ सव्वापाच पटींनी घटली.

हा नियम जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी 1897 साली मांडला. वरील हिशेबात त्यांचा घातांक 1.2 धरला आहे. बॅटरी जुनी झाली की तो वाढतो. म्हणून हे आकडे अंदाजाचेच समजावेत.

याचे कारण पत्र्यांच्या छिद्रांत आहे. वीज देताना छिद्रांतील आम्ल खर्ची पडते व बाहेरील आम्ल सावकाश आत झिरपते. प्रवाह मोठा असल्यास झिरपणे मागे पडते. शिवाय पत्र्याच्या पृष्ठभागावर शिशाचे सल्फेट साचून छिद्रांची तोंडे बुजू लागतात. आतील द्रव्य शिल्लक असतानाच व्होल्टेज घसरते व इन्व्हर्टर बंद होतो.

शिल्लक राहिलेली ही वीज नष्ट झालेली नसते. बॅटरीस काही वेळ विश्रांती दिल्यास आम्ल आत पोहोचते, व्होल्टेज वर येते आणि एक-दोन दिवे पुन्हा चालू शकतात. असे घडल्यास बॅटरी बाद ठरविण्याची घाई करू नये. पूर्ण भारणानंतर सहाही कप्प्यांतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने पाहावे. एखाद्या कप्प्यात ते इतरांहून बरेच कमी आढळल्यास दोष त्या कप्प्यात आहे. सर्व कप्प्यांत ते निर्मात्याने दिलेल्या आकड्याइतके असून हलक्या भारावर बॅटरी अपेक्षित वेळ चालत असेल, तर दोष भाराचा आहे. त्या स्थितीत नवी बॅटरी घेण्यापूर्वी जादा वॉटची उपकरणे इन्व्हर्टरवरून काढावीत. भार खरोखरच आवश्यक असल्यास तशीच व तितक्याच वयाची दुसरी बॅटरी समांतर जोडावी. प्रवाह दोघींत विभागला जाऊन वेळ दुपटीहून अधिक मिळते.