खर्चाच्या संदेशातील अनोळखी नाव

घरातील वडील माणसाचा फोन संध्याकाळी बहुधा मुलांच्या हाती असतो, हे आम्हां शिक्षकांस चांगले ठाऊक आहे. खेळ ऐन रंगात आलेला असतो, इतक्यात पडद्याच्या वरच्या बाजूस बँकेचा एक संदेश डोकावतो, आणि मुलाचे बोट त्यास न वाचताच बाजूस सारते. तो संदेश वडिलांच्या क्रेडिट कार्डावर नुकत्याच झालेल्या खर्चाचा असतो. तो कसा वाचावा आणि वाचून काय करावे, हे या लेखात सांगावयाचे आहे. सबब हा लेख पालकांइतकाच विद्यार्थ्यांसाठीही आहे. कित्येक घरी तो संदेश प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो.

प्रथम हा संदेश केव्हा निघतो ते पाहू. दुकानात कार्ड यंत्रास लावले, अथवा फोनवरून काही मागविले, म्हणजे दुकानदाराच्या बाजूने एक विचारणा निघते. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्यातून ती आपल्या बँकेकडे येते. इतकी रक्कम या कार्डावर देऊ काय, असा तो प्रश्न असतो. बँक मर्यादा पाहून होकार देते आणि त्याच क्षणी आपणांस संदेश पाठविते. दुकानदारास पैसे प्रत्यक्ष पोचावयास मात्र पुढे एकदोन दिवस लागतात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, हॉटेलात उतरताना अनामत म्हणून अडकवून ठेवलेली रक्कमही संदेशात खर्चासारखीच दिसते, व पुढे ती सुटते किंवा बदलते. दुसरी अधिक महत्त्वाची. एकदा दिलेला होकार आपल्या एका फोनने लगेच मागे घेतला जाईलच असे नाही, परंतु पुढचा होकार मात्र आपण निश्चित थांबवू शकतो. संदेश त्वरित वाचण्याचा खरा उपयोग हा आहे.

संदेशात रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक, वेळ आणि ज्याच्याकडे खर्च झाला त्याचे नाव इतके असते. यांपैकी नावच फार गोंधळात पाडते. मला स्वतःला याचा अनुभव आहे. एके दिवशी पुण्यातील एका दुकानातून मी पाठ्यपुस्तके मागविली. घरी येऊन पाहतो तो संदेशात बंगळूरच्या कोणा खासगी कंपनीचे नाव, आणि तेही अर्ध्यात तुटलेले! मी घाबरून कार्ड कायमचे बंद करण्यास फोन उचलला होता. पत्नीने शांतपणे विचारले, "रक्कम किती आहे ती आधी पाहा बरे." रक्कम पुस्तकांच्या पावतीशी पैशापर्यंत जुळली. दुकानाने पैसे घेण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे सोपविलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

असे पुष्कळदा घडते. पाटीवरचे नाव एक असते आणि बँकेकडे नोंदलेले नाव मालकाच्या कंपनीचे असते. कधी रेझरपे किंवा पेयू यांसारख्या मध्यस्थाचे नाव पुढे लागते. परदेशी खरेदीत `PAYPAL *` किंवा `GOOGLE *` असा आरंभ दिसतो आणि खऱ्या विक्रेत्याचे नाव त्या फुलीनंतर येते. नावासाठी राखलेली जागा सुमारे पंचवीस अक्षरांचीच असल्यामुळे लांब नाव मध्येच तुटते. गावाचे नावही दुकानाचे नसून कंपनीच्या मुख्य कचेरीचे असू शकते. म्हणून नाव अनोळखी दिसले एवढ्यावरून निकाल देऊ नये. रक्कम आणि वेळ पाहावी, घरातील इतरांस विचारावे, त्या सुमारास आलेली पावती किंवा ईमेल शोधावे. या सर्वांस पाच मिनिटे पुरतात. तेवढ्यात उलगडा झाला नाही, तर खर्च आपला नाही असे धरूनच पुढे चालावे. "उद्या बघू" हे उत्तर येथे घातक आहे.

आता रक्कम लहान असेल तर? पुष्कळांस वाटते की ऐंशी-शंभर रुपयांसाठी कोण डोकेफोड करणार! चोरास नेमके हेच हवे असते. चोरलेल्या कार्डांचे आकडे त्याच्या हाती पुष्कळ असतात, पण त्यांतले कोणते अजून चालू आहे हे त्यास ठाऊक नसते. म्हणून तो अगदी क्षुल्लक रकमेने परीक्षा घेतो. ती पार पडली की मोठी खरेदी करतो. आपल्या देशातील दुकानातून फोनवर खरेदी करताना सामान्यतः ओटीपी विचारला जातो, परंतु परदेशी विक्रेते तो न विचारताही पैसे घेऊ शकतात. यास्तव ही परीक्षा बहुधा परदेशी चलनात होते.

एक उदाहरण घेऊ. ते रचलेले आहे, पण असे प्रसंग याच क्रमाने घडतात. शुक्रवारची रात्र आहे आणि दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेस सुटी. कार्डाची मर्यादा एक लाख रुपये आहे. ९ वाजून ५२ मिनिटांनी USD 1.00 खर्च झाल्याचा संदेश येतो. मुलगा तो बाजूस सारतो. १० वाजून २० मिनिटांनी दुसरा संदेश येतो, USD 240.00, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. आता मात्र तो चपापतो. "बाबा, तुम्ही डॉलरमध्ये काही घेतलेत का?" बाबांनी काही घेतलेले नसते. ते बँकेचे अ‍ॅप उघडून परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार ही दोन्ही बटणे बंद करतात. वेळ १० वाजून २४ मिनिटे. ही बटणे प्रत्येक कार्डास द्यावीत असे रिझर्व्ह बँकेने २०२० साली बँकांस सांगितले. १० वाजून ३१ मिनिटांनी तिसरा संदेश येतो: USD 390.00, व्यवहार नाकारला.

हा तिसरा संदेश पाहून पुष्कळजण सुटकेचा श्वास टाकतात व झोपी जातात. तसे करू नये. नाकारलेल्या व्यवहाराचा संदेश हा कार्डाचे आकडे परक्याच्या हाती गेल्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा होय. न मागता आलेला ओटीपीही तसाच. कोणीतरी कार्डाची सारी माहिती भरून शेवटच्या दारापर्यंत आलेला आहे, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. त्या ओटीपीच्या संदेशातही रक्कम आणि विक्रेत्याचे नाव असते. आकडे वाचण्याआधी ते वाचण्याची सवय असावी.

तेव्हा बाबांनी त्याच रात्री कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड कायमचे बंद करविले, दोन्ही खर्च आपले नाहीत असे सांगितले, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. एक डॉलरचा उल्लेखही त्यांनी वगळला नाही. फोनवर बोललेले पुढे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून तीच हकीकत त्यांनी ईमेलनेही पाठविली व तिन्ही संदेश जपून ठेवले. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथेही अशी तक्रार नोंदविता येते.

येथे दिवसांचा हिशेब महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की, दोष ग्राहकाचा नाही व बँकेचाही नाही, तर तो तिसऱ्याच ठिकाणचा आहे, अशा प्रसंगी संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर काहीच बोजा नाही. संदेश आला तो दिवस मोजावयाचा नाही. आपल्या उदाहरणात शुक्रवार सुटला, शनिवार-रविवार सुटीचे. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. गुरुवारी जाग आली असती, तर चौथ्या ते सातव्या दिवसाचा नियम लागला असता, आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डास दहा हजार रुपयांपर्यंत भार ग्राहकावर पडला असता. सात दिवस उलटल्यावर सारे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून. कळविल्यापासून दहा कामाच्या दिवसांत वादातील रक्कम बँकेने तात्पुरती खात्यात परत दाखवावी, असेही त्यात होते. मात्र ग्राहकाने स्वतःच ओटीपी कोणास सांगितला असेल, तर कळविण्यापूर्वीचे सारे नुकसान त्याचेच, कळविल्यानंतरचे बँकेचे. असे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या बँकेच्या चालू अटी एकदा वाचून ठेवाव्यात. परंतु तीन दिवस आहेत म्हणून कोणी तीन दिवस थांबू नये. वरील उदाहरणात दुसऱ्या व तिसऱ्या प्रयत्नात अवघी ११ मिनिटे होती.

चोरही आता संदेश पाठवू लागले आहेत, ही आणखी एक पंचाईत. "तुमच्या कार्डावर ४९,९९९ रुपये खर्च झाले, तुम्ही केले नसल्यास या क्रमांकावर फोन करा." घाबरलेला मनुष्य फोन करतो आणि पलीकडचा गोड बोलून ओटीपी काढून घेतो, खर्च तर मुळी झालेलाच नसतो. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो, दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, ही एक खूण आहे. पण तिच्यावरही सर्वस्वी विसंबू नये. संदेशातील दुव्यास किंवा क्रमांकास हात न लावता अ‍ॅप स्वतः उघडून पाहावे. खर्च तेथे दिसत नसेल, तर कार्डाच्या मागचा क्रमांक आहेच.

संदेशांच्या भरवशावर सारेच सोडता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. मोबाइल क्रमांक बदलला आणि बँकेस कळविले नाही, तर संदेश परक्याकडे जातात. प्रवासात जाळे नसले की ते उशिरा येतात. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या तर ओळखीच्या नावाखाली लपतात. अशी रक्कम कापण्यापूर्वी निदान २४ तास आधी सूचना येते, पण तीही आपण खर्चाच्या संदेशासारखीच न वाचता सारतो. गेल्या वर्षी आमच्या घरी असे एक मासिक शुल्क सहा महिने जात होते. नाव ओळखीचे होते म्हणून कोणी पाहिले नाही, आणि ती वस्तू मात्र कोणी वापरीत नव्हते. तेव्हापासून रविवारी दुपारी माझी धाकटी मुलगी आठवड्याचे संदेश मोठ्याने वाचते, आणि ज्याचा खर्च असेल त्याने "माझा" म्हणावयाचे. ज्या संदेशास कोणीच "माझा" म्हणत नाही, त्यापाशी वाचन थांबते व अ‍ॅप उघडले जाते.