दरवर्षी वाढणारा हप्ता आणि शेवटची शिल्लक : वहीवर करता येणारे गणित

आठवीत आपण चक्रवाढ व्याज शिकवतो आणि दहावीत अंकगणिती श्रेढी. पण ही दोन प्रकरणे एकाच उदाहरणात एकत्र येतात, हे मुलांना सहसा दिसत नाही. घरात मात्र ती रोज एकत्र येत असतात. पगार वाढला की बचतीचा हप्ताही थोडा वाढवायचा, असे बरेच पालक ठरवतात. मग प्रश्न येतो की पंधरा वर्षांनी हातात नेमके किती येतील? इथे बहुतेक जण मोबाईलवरच्या एखाद्या गणकयंत्रात 'सरासरी हप्ता' टाकून मोकळे होतात आणि उत्तर चुकते. किती चुकते ते पुढे पाहू.

उदाहरणासाठी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते घेऊ. ते घेण्याला कारण आहे. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत हप्ता एकदा ठरला की ठरला, मध्येच वाढवता येत नाही. तिथे वाढ करायची तर दरवर्षी नवीन खाते काढावे लागते. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये, या मर्यादेत आपण कितीही भरू शकतो, फक्त रक्कम ५० च्या पटीत हवी. शिवाय व्याजाची पद्धत वर्गात शिकवायला सोयीची आहे. व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण जमा मात्र वर्षातून एकदाच, ३१ मार्चला करतात. म्हणजे वर्षाच्या आत सरळव्याज आणि वर्षावर्षांमध्ये चक्रवाढ. ही एक गोष्ट मुलांना कळली की अर्धे काम झाले.

आता आपली योजना ठरवू. पहिल्या वर्षी दरमहा २००० रुपये. दर एप्रिलला हप्त्यात २०० रुपयांची वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षी २२००, तिसऱ्या वर्षी २४००, असे करत पंधराव्या वर्षी २००० + १४ × २०० = ४८०० रुपये. व्याजदर ७.१ टक्के धरू. एप्रिल २०२० पासून पुढे अनेक वर्षे हाच दर राहिला आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, तेव्हा तो बदलू शकतो, हे लक्षात असू द्या.

आधी एकाच वर्षाकडे पाहू. एप्रिलचा हप्ता बारा महिने व्याज मिळवतो, मेचा अकरा महिने, आणि मार्चचा फक्त एक. मग सगळ्या हप्त्यांचे मिळून किती 'हप्ता-महिने' झाले? १२ + ११ + १० + … + १. मुलांना फळ्यावर जोड्या लावायला सांगा : १२ आणि १, ११ आणि २, १० आणि ३. प्रत्येक जोडी १३ ची, जोड्या सहा, बेरीज ७८. वर्षाचे बारा महिने, म्हणून ७८ ला १२ ने भागायचे, की आले ६.५. म्हणजे वर्षभर दरमहा भरलेल्या हप्त्यांवर मिळणारे व्याज हे फक्त साडेसहा हप्ते पूर्ण वर्षभर ठेवल्यावर मिळेल तेवढेच असते. 'बारा हप्ते भरले, म्हणून २४,००० वर ७.१ टक्के' असे करणारी मुले दरवर्षी भेटतात. त्यांना १७०४ रुपये व्याज मिळते. खरे व्याज २००० × ६.५ × ०.०७१ = ९२३ रुपये आहे. पहिल्या मार्चअखेर शिल्लक २४,९२३.

दुसऱ्या वर्षी दोन कामे वेगवेगळी करायची. जुनी शिल्लक वर्षभर खात्यात पडून आहे, तिच्यावर पूर्ण वर्षाचे व्याज : २४,९२३ × ०.०७१ = १७७० रुपये. नवीन हप्त्यांवर साडेसहाचा हिशेब : २२०० × ६.५ × ०.०७१ = १०१५ रुपये. आता जुनी शिल्लक, नवीन भरणा २६,४०० आणि दोन्ही व्याजे यांची बेरीज करा. ती येते ५४,१०८.

तिसऱ्या वर्षीही तेच. ५४,१०८ वर ३८४२ रुपये व्याज, २४०० च्या हप्त्यांवर ११०८, भरणा २८,८००. शिल्लक ८७,८५८. (प्रत्येक आकडा रुपयात पूर्ण करत गेल्यामुळे एखादा रुपया इकडेतिकडे होतो. पैसे धरून केले तर ८७,८५७ येतात. मुलांची उत्तरे अशी एक-दोन रुपयांनी वेगळी आली तर गुण कापू नका.)

दोन-तीन वर्षे हाताने केल्याशिवाय संगणकाकडे जाऊ देऊ नये, असे माझे मत आहे. पण पंधराही वर्षे हाताने करून घेणे म्हणजे शिक्षाच. तेव्हा पुढे तक्त्यात करू. A स्तंभात वर्ष, B मध्ये मासिक हप्ता, C मध्ये मार्चअखेरची शिल्लक. व्याजदर E1 या घरात लिहा, 0.071. मग ही चार सूत्रे :

```
B2: 2000
C2: =B2*(12+6.5*$E$1)
B3: =B2+200
C3: =C2*(1+$E$1)+B3*(12+6.5*$E$1)
```

B3 आणि C3 खाली सोळाव्या ओळीपर्यंत ओढा. आपले काम बरोबर आहे की नाही हे तपासायला तीन टप्पे देतो. पाचव्या वर्षाअखेर साधारण १,७०,३६८, दहाव्या वर्षाअखेर ४,८२,२४३ आणि पंधराव्या वर्षाअखेर ९,९३,५१७ रुपये दिसायला हवेत. तिसऱ्या वर्षीच आकडा जुळत नसेल तर बहुधा $ ची खूण राहिली असते आणि सूत्र खाली ओढताना व्याजदराचे घर सरकलेले असते.

आपण एकूण भरले किती? हप्त्यांची श्रेढी २०००, २२००, …, ४८००. पदे १५, पहिले आणि शेवटचे मिळून ६८००, म्हणून बेरीज १५ × ६८०० ÷ २ = ५१,०००. बारा महिन्यांनी गुणले की ६,१२,००० रुपये. बाकीचे ३,८१,५१७ हे व्याज.

आता त्या सरासरीकडे येऊ. ५१,००० ला १५ ने भागले की सरासरी हप्ता ३४०० येतो. पंधरा वर्षे दरमहा ३४०० भरले तरी एकूण भरणा ६,१२,००० च होतो. म्हणून पालक म्हणतात, 'शेवटी तेच की!' पण स्थिर ३४०० चा हिशेब केला तर शिल्लक १०,७२,९३१ येते. आपल्या वाढत्या हप्त्याच्या योजनेत ९,९३,५१७. फरक ७९,४१४ रुपयांचा. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी पावणेअकरा लाख येतील असे धरून बसलेल्या घराला ही रक्कम ऐनवेळी कमी पडेल.

हा फरक कुठून आला, ते पहिले आणि शेवटचे वर्ष समोरासमोर ठेवून दाखवता येते. स्थिर योजनेत पहिल्या वर्षी दरमहा १४०० रुपये जास्त जातात, शेवटच्या वर्षी १४०० कमी. भरण्यात दोन्ही एकमेकांना कापतात. पण पहिल्या वर्षीचे जास्तीचे पैसे त्या वर्षाअखेर १७,४४६ होतात आणि पुढची चौदा वर्षे वाढून ४५,५७८ होतात. शेवटच्या वर्षीच्या १४०० चे मात्र १७,४४६ च राहतात, त्यांना वाढायला वेळच नाही. या एका जोडीतच २८,००० हून अधिक रुपयांचा फरक पडला. अशाच जोड्या दुसऱ्या आणि चौदाव्या वर्षाच्या, तिसऱ्या आणि तेराव्या वर्षाच्या लावत गेलो की ७९,४१४ पूर्ण होतात. बरोबर मधले आठवे वर्ष तेवढे सारखे, तिथे दोन्हीकडे हप्ता ३४०० आहे.

याचा अर्थ वाढता हप्ता वाईट, असा मुळीच नाही. हप्ता २००० वरच ठेवला असता तर ६,३१,१३६ रुपये मिळाले असते. वाढीमुळे ३,६२,३८१ जास्त मिळाले, पण त्यासाठी २,५२,००० जास्त भरावे लागले. मूळ २००० च्या हप्त्यातल्या प्रत्येक रुपयाने सुमारे ७५ पैसे व्याज मिळवले, वाढीव हप्त्यातल्या रुपयाने सुमारे ४४ पैसे. म्हणून कोणी विचारले की 'आत्ता जास्त भरू की पुढे वाढवत नेऊ', तर हिशेबाचे उत्तर स्पष्ट आहे : आत्ता झेपत असेल तर आत्ता. ज्याला आज ३४०० झेपतच नाहीत, त्याच्यासाठी वाढता हप्ता आहे.

वाढ टक्क्यांत ठेवायची असेल तर B3 मध्ये `=B2*1.1` लिहा. दरवर्षी दहा टक्के वाढीने पंधराव्या वर्षी हप्ता सुमारे ७५९५ होतो, आणि शेवटची शिल्लक ११,८५,००० च्या वर जाते. (प्रत्यक्ष भरताना हप्ता जवळच्या ५० वर आणावा लागेल.) आकडा छान दिसतो, पण शेजारी पगाराची श्रेढी लिहून बघा. राज्य शासनाच्या शिक्षकाला वार्षिक वेतनवाढ तीन टक्के. महागाई भत्ता बाजूला ठेवला तर चौदा वेतनवाढींत मूळ वेतन दीडपट होते. हप्ता मात्र जवळजवळ पावणेचारपट होतो. नवव्या-दहाव्या वर्षी हप्ता ओढाताण करायला लागतो तो यामुळे. २०० रुपयांच्या वाढीत तो १४ वर्षांत २.४ पट होतो, तोही पगारापेक्षा वेगानेच. तेव्हा तक्त्यात D स्तंभ पगारासाठी ठेवा आणि हप्ता पगाराच्या किती टक्के होतो ते दरवर्षी पाहा.

अजून एक बारीक गोष्ट, जी बँकेत कोणी आपणहून सांगेलच असे नाही. पीपीएफमध्ये महिन्याच्या ५ तारखेनंतरची आणि महिनाअखेरची, यातली सर्वात कमी शिल्लक व्याजासाठी धरतात. पगार उशिरा झाला आणि हप्ता नेहमीच ७ तारखेला गेला, तर त्या महिन्याचे व्याज नवीन हप्त्यावर मिळत नाही. मग आपली बेरीज ७८ ऐवजी ११ + १० + … + ० = ६६ होते आणि ६.५ च्या जागी ५.५ येतात. सूत्रात तेवढा बदल करा. पंधराव्या वर्षी शिल्लक सुमारे ५६६० रुपयांनी कमी दिसेल.

आणि मुदतीबद्दल. पीपीएफची पंधरा वर्षे खाते उघडले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. एप्रिलमध्ये खाते उघडणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात सोळा आर्थिक वर्षे असतात. तक्ता एक ओळ आणखी खाली ओढा. सोळाव्या वर्षी हप्ता ५००० आणि मार्चअखेर शिल्लक ११,२६,३६५ येते.