वाघ डावीकडे वर

हाताने काढलेल्या नकाशाचा दुसऱ्या भाषेत क्रमवार तर्जुमा करणे हे वरवर पाहता लेखनिकाचे काम वाटते. कागदावर जे लिहिले आहे ते एकेक उचलावे, त्याला आकडे घालावेत आणि मोकळे व्हावे, अशी समजूत चांगल्या सुशिक्षित माणसांतही आढळते. ही समजूत किती महागात पडते याची एक कैफियत माझ्या पाहण्यातली आहे. तिच्यापासून बोध घेऊन मी पुढे स्वतःपुरते जे नियम बांधून घेतले, ते अशा कामात पडणाऱ्यांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे नमूद करीत आहे.

हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटांपैकी जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर गावाहून टोलार खिंडीमार्गे चढणारी वाट बरीच रुळलेली आहे. त्या गावच्या एका वृद्ध गृहस्थांनी इंदूरकडून आलेल्या हिंदीभाषक मंडळींसाठी या वाटेचा नकाशा सातबाराच्या एका जुन्या उताऱ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दिला होता. तळाशी नागेश्वराचे देऊळ, तेथून वर जाणारी दुहेरी रेघांची वाट, पुढे दोन टेकड्यांच्या मध्ये खिंड, खिंडीत शेपूट उभारलेले एक चतुष्पाद जनावर आणि त्याच्या अंगाला खेटून मजकूर: ‘खिंड वाघ डावीकडे वर’. विरामचिन्ह एकही नव्हते. कागदाच्या वरच्या कडेला गडावरचे देऊळ दाखवलेले होते, आणि खिंडीतून उजवीकडे फुटणाऱ्या एका बारीक रेघेच्या टोकाशी ‘कोथळे’ एवढेच लिहिले होते.

मंडळींच्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी घरबसल्या याचा हिंदी तर्जुमा करून दिला. त्यातील चौथे व पाचवे कलम असे होते: ‘४. खिंड में बाईं ओर ऊपर बाघ रहता है, सावधान रहिए। ५. सीधे चलते जाइए, दाहिनी ओर का रास्ता न लें।’ मंडळींनी या कलमांचे बरहुकूम पालन केले, म्हणजे डावी बाजू कटाक्षाने टाळून ती सरळ चालत राहिली, आणि सायंकाळी गडावर पोहोचण्याऐवजी खिंडीच्या पलीकडे उतरून अकोले तालुक्यातील कोथळे गावी दाखल झाली.

वस्तुस्थिती अशी की टोलार खिंडीत दगडावर कोरलेले वाघाचे शिल्प आहे, तीच तेथील खूण. आणि ‘डावीकडे वर’ हा वाघाचा पत्ता नसून वाटसरूला केलेली सूचना आहे. खिरेश्वराहून खिंडीत आलेल्या माणसाला समोरची वाट कोथळ्याकडे उतरते, तर गड डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला राहतो, आणि तिकडे कातळाचा उभा चढ आहे, ज्याला आता लोखंडी कठडे बसवलेले आहेत. मूळ कागद पुढे माझ्याकडे नव्या तर्जुम्यासाठी आला तेव्हा मी तो घेऊन त्या वृद्ध गृहस्थांकडेच गेलो आणि विचारले, “बाबा, हा वाघ कसला?” ते हसून म्हणाले, “अवो मास्तर, दगडातला वाघ त्यो, जिता न्हाई!”

परंतु मजकुराच्या वाचनातील हा गोंधळ एक वेळ क्षम्य म्हणता येईल. खरा घात चित्राने केला होता, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाट खिंडीत डावीकडे वळते हे काढणाऱ्याला पक्के ठाऊक होते, पण डाव्या बाजूला कागदच शिल्लक नव्हता. म्हणून त्यांनी गडाची वाट वळवून वरच्या कडेकडे नेली, आणि त्यायोगे जी वाट वास्तविक समोर जाते ती कोथळ्याची वाट आपोआप उजवीकडे ढकलली गेली. कागद संपल्यामुळे वाकलेली रेघ ओळखण्याची खूण अशी की तिच्या आसपासची अक्षरे दाटीने, आखडून लिहिलेली असतात आणि रेघ कडेला समांतर धावू लागते. अशा ठिकाणी चित्र व मजकूर यांत विरोध आला तर मी मजकुराला अधिक मान देतो, कारण रेघ कागदाच्या सोयीने वाकते, लिहिलेला ‘डावीकडे’ मात्र तसा वाकत नाही. अर्थात तो कोणाचा डावा, याची खातरजमा काढणाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते. “गावाकडे पाठ करून उभा राहिलो तर कोणत्या हाताला?” असा प्रश्न मी प्रत्येक फाट्याला विचारतो; कारण डोंगरातली पुष्कळ माणसे वाट सांगताना मनाने परतीच्या दिशेला तोंड करून सांगतात.

दुसरी गोष्ट अंतराची. या नकाशात गाव ते खिंड चार बोटे आणि खिंड ते गडावरचे देऊळ जेमतेम दोन बोटे होते. प्रत्यक्षात कातळ चढून गेल्यावर झाडीतून, लहान लहान चढउतारांवरून जाणारी वाटच नवख्याला अधिक लांब पडते, आणि तेथे गुरांच्या वाटाही जागोजागी फुटतात. बाबांना त्या टापूत सांगण्याजोगे काही घडत नाही, म्हणून त्यांनी तो रिकामा सोडला होता. अशा रिकाम्या जागी तर्जुमाकाराने स्वतःच्या पदरचे काही भरू नये, तसेच ती मुकाट्याने ओलांडूही नये. मी तेथे वेळ विचारतो, आणि सांगणाऱ्याच्या पायाचा वेग लक्षात घेऊन ती वाढवून लिहितो.

या सर्व चौकशीनंतर तीच कलमे अशी झाली: ‘४. चढ़ाई पूरी होने पर टोलार खिंड आएगी। यहाँ पत्थर पर बाघ खुदा हुआ है। ५. गाँव की ओर पीठ करके खड़े होइए। अब बाएँ हाथ की चट्टान पर चढ़िए। लोहे की रेलिंग मिलेगी। ६. यदि खिंड के बाद रास्ता उतरने लगे, तो वह कोथळे जाता है। लौटकर बाघ के पास आइए।’ यातील सहावे कलम मूळ कागदावर कोठेही नाही, आणि तरीही माझ्या मते तेच सर्वांत आवश्यक आहे. नकाशा हाती असताना चुकलेला मनुष्य आजूबाजूची चिन्हे पाहून आपले स्थान पुन्हा हुडकू शकतो; क्रमवार सूचनांत मात्र एक पाऊल चुकले की पुढची सगळी कलमे निरर्थक होतात. म्हणून ज्या फाट्यावर दुसरी वाट मोहात पाडील, तेथे चुकल्याची खूण आणि परत यावयाचे ठिकाण ही दोन्ही लिहिली पाहिजेत. गावाचे नाव मी ‘कोथळे’ असे ‘ळ’सकट ठेवले, कारण वाटेवरील पाटीवर ते तसेच वाचावे लागते.

तर्जुमा पुरा झाल्यावर मी तो नकाशा न पाहिलेल्या एका हिंदीभाषक स्नेह्याकडे देतो आणि केवळ कलमे वाचून वाटेचे चित्र काढावयास सांगतो. ते चित्र मूळ कागदाशी हुबेहूब जुळावे अशी अपेक्षा नसते. फाटे तेवढेच आणि वळणे त्याच हाताची निघाली म्हणजे झाले. जेथे त्याची लेखणी अडखळते, तेथे कलमात त्रुटी आहे असे खुशाल समजावे आणि त्याला तोंडी काही न सांगता कलमच दुरुस्त करावे, कारण डोंगरात सांगायला आपण जाणार नसतो.

शेवटी एक विनंती. तर्जुम्याखाली तो कोणत्या महिन्यात, कोणाच्या सांगण्यावरून केला हे अवश्य लिहावे, आणि मूळ कागदाची नक्कल त्याला जोडावी. वैशाखात कोरडा म्हणून नकाशात न दाखवलेला ओढा श्रावणात कमरेइतका वाहतो. तेव्हा उन्हाळ्यातील कलमे पावसाळ्यात कोणाच्या हाती देण्यापूर्वी गावात एकवार विचारून घ्यावे.